नावेचं नाव

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कोकणच्या किनाऱ्यावर फार आवाज नसतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या ओंडक्यांवर चढवलेल्या असतात आणि त्यांच्यावर ताडपत्र्या असतात. हर्णै बंदराच्या आसपासच्या एका कोळीवाड्यात अशाच दिवसांत मी एका नव्या होडीजवळ उभा होतो. होडी फायबरची, अडतीस फुटी, अजून एकही अक्षर न लागलेली. नाखवा, त्याची आजी, भाऊबंद, शेजारी असे दहा-बाराजण जमले होते आणि नाव काय ठेवायचं यावर बोलणं चाललं होतं. कुणी देवीचं नाव घेत होतं, कुणी जुन्या होडीचं. पेंटर मात्र डबे मांडून बाजूला बसला होता. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्याने एकच विचारलं, “खाली उकार आहे का?”

होड्यांची नावं मी गेली काही वर्षं वहीत उतरवून घेतो आहे. त्यांचा अर्थ काय, कुठलं दैवत, कुठल्या घराण्याची कुठली प्रथा, एवढंच मी तोवर पाहत आलो होतो. पेंटरच्या त्या प्रश्नाने मला माझ्या वह्या पुन्हा वाचायला लावल्या. होडीचं नाव घरात ठरतं हे खरं. पण ते टिकतं की नाही, लांबून वाचता येतं की नाही आणि वेळेला कामाला येतं की नाही, हे होडीच्या अंगावर ठरतं. ते कसं, ते या एका होडीच्या आधारे सांगतो.

आधी प्रथेचं मागणं काय, ते पाहू. या घराचं कुलदैवत कार्ल्याची एकवीरा. किनाऱ्यावरच्या अनेक कोळी घरांचं तेच. चैत्रात तिच्या यात्रेला जाणारी ही माणसं नवी होडी तिच्या नावाशिवाय पाण्यात घालायला राजी नसतात. दुसरं मागणं जुन्या होडीचं. या घरात आजोबांची लाकडी होडी होती, ‘दर्यादौलत’. तिने दोन पिढ्या पोसल्या आणि म्हातारी होऊन किनाऱ्यावरच मोडली. आजीचं म्हणणं होतं, जी होडी समुद्राने नेली तिचं नाव पुढे चालवत नाहीत. पण जी आपल्या वाळूवर थकून मेली तिचं नाव टाकायचंही नाही. तिसरं मागणं मानाचं. देवीचं नाव नुसतं घ्यायचं नाही. आधी ‘श्री’ हवी, मागे ‘प्रसन्न’ हवं. अशी बेरीज होत होत घरच्यांनी ठरवलेलं पहिलं नाव झालं ‘श्री कुलस्वामिनी एकवीरा आई प्रसन्न’. त्यात ‘दर्यादौलत’ अजून यायचीच होती.

आता होडीचं मागणं. नाव लिहायची जागा म्हणजे नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजू. मागे जाळं ओढलं जातं, तिथे रंग टिकत नाही. या होडीला टोकापासून जाळ्याच्या जागेपर्यंत ९६ इंच मिळत होते. त्यातले पुढचे १८ इंच नांगराच्या दोराचे. दोर वर-खाली होताना तिथे रोज घासतो. राहिले ७८. उंची होती कठड्याखालच्या पट्टीपासून त्याच्या खालच्या पट्टीपर्यंत. पुढे २० इंच आणि मागे निमुळती होत १५. म्हणजे कितीही प्रसन्न देवी असली तरी तिला ७८ बाय १५ इंचांतच बसायचं होतं.

देवनागरीचा स्वभाव इथे आडवा येतो. रोमन अक्षर एका मजल्याचं असतं असं म्हटलं तरी चालेल. आपलं तीन मजल्यांचं. मधला मजला अक्षराचा, वरचा वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वाराचा, खालचा उकार आणि ऋकाराचा. पेंटरने मधल्या मजल्याला ८ इंच धरले, वर ४ आणि खाली ३. झाले १५. रुंदीचा त्याचा हिशेब त्याहून सोपा होता. आठ इंची अक्षरात साधं अक्षर शेजारच्या फटीसकट ७ इंच घेतं. काना किंवा वेलांटीचा दंड असला की ३ वाढतात. रुंद जोडाक्षर १० खातं. दोन शब्दांत ५ इंच मोकळे सोडायचे. हे माप त्याच्या हाताचं आहे, दुसऱ्या पेंटरचं थोडं वेगळं निघेल. पण पद्धत हीच.

आम्ही वाळूवर काडीने बेरीज केली. ‘श्री’ १३. ‘कुलस्वामिनी’ ४७. ‘एकवीरा’ ३४. ‘आई’ १७. ‘प्रसन्न’ २४. मधल्या चार फटींचे २०. एकूण १५५ इंच, म्हणजे जवळजवळ तेरा फूट; हाताशी असलेल्या जागेच्या दुप्पट. धाकटा भाऊ म्हणाला, मग अक्षर निम्मं करा. पेंटरने वाद घातला नाही. त्याने एका फळीवर चार इंची ‘एकवीरा’ काढलं, फळी होडीला टेकवली आणि सगळ्यांना वाळूवरून मागे चालायला लावलं. साठेक पावलांवर अक्षरं एकमेकांत मिसळली. शिरोरेघ तेवढी दिसत राहिली, तिच्याखाली काहीतरी लोंबतंय असं. हीसुद्धा देवनागरीची गंमत आहे. अक्षरं लहान झाली की सगळ्यात आधी त्यांच्यातला फरक जातो आणि रेघ मागे राहते.

साठ पावलांचा प्रश्न हौसेचा नव्हता. दोन हंगामांपूर्वी या कोळीवाड्यात एक रात्र अशी गेली होती की तिची आठवण कुणालाही काढावी लागली नाही. वारा सुटला होता आणि वायरलेसवर निरोप आला, ‘एकवीराचं इंजिन बंद पडलंय.’ पुढचं ऐकू आलं नाही. त्या वेळी बाहेर असलेल्या तीन होड्यांच्या नावांत एकवीरा होती. तीन घरांतल्या बाया किनाऱ्यावर येऊन बसल्या. जवळच्या एका होडीला पहाटेच्या आधी ती सापडली, पण तिच्या बाजूवरचं नाव एवढं बारीक आणि लांबलचक होतं की बॅटरीच्या उजेडात ‘श्री’ आणि ‘प्रसन्न’ एवढंच वाचता आलं. अगदी जवळ जाऊन नंबर वाचला तेव्हा कुठे कळलं की ती कुणाची. होडी दोर बांधून आणली, माणसं सुखरूप आली. पण उरलेल्या दोन घरांनी ती रात्र उगाच काढली होती. आजी त्या दोन घरांपैकी एका घरातली.

नंबराबद्दल इथेच सांगून टाकतो. यांत्रिक होडीची नोंदणी करावी लागते आणि नोंदणीचा क्रमांक अंगावर रंगवावा लागतो. देशाची तीन रोमन अक्षरं, राज्याची दोन, मग बंदराचा आकडा, होडीच्या प्रकाराची अक्षरं आणि शेवटी तिचा स्वतःचा आकडा. तपासणीला तो चोख असतो. २००८च्या मुंबईवरच्या हल्ल्यात अतिरेकी पळवलेल्या मासेमारी होडीतून आले होते, तेव्हापासून किनाऱ्यावर या खुणांकडे अधिक कडक नजरेने पाहिलं जातं. पण वाऱ्यात ओरडून हाक मारताना नंबर कुणी घेत नाही. हाक नावाने मारतात. म्हणून नाव इतरांपासून वेगळं ऐकू यायला हवं आणि वेगळं दिसायलाही हवं.

मग काटछाट सुरू झाली. नुसतं ‘एकवीरा आई’ ५६ इंचांत बसत होतं, पण ते नाव बंदरात आधीच होतं. ‘एकवीरा दर्यादौलत’ सगळ्यांना आवडलं. बेरीज आली ८०. दोन इंच जास्त. नाखवा म्हणाला, दोन इंच काय, दाबून बसव. पेंटर तयार नव्हता आणि त्याचं कारण दोन इंच नव्हतं. त्याचं बोट ‘र्या’वर होतं.

होडीवरचं नाव एकदम पुसलं जात नाही, त्याचे तुकडे जातात. सगळ्यात आधी जातात ती सुटी आणि काठावरची चिन्हं. वरच्या मजल्यावर कठड्यावरून लोंबणारे दोर आणि टायर घासतात, तिथला अनुस्वार आणि रफार जातो. खालच्या मजल्यावर शेजारची होडी घासते आणि पाणी उडतं, तिथला उकार जातो. अक्षराचा दंड जाड असतो, तो अर्धा गेला तरी ओळखू येतो. अनुस्वार हा एक ठिपका. तो गेला की गेला. आणि मराठीत असा ठिपका जाण्याने नुसतं अक्षर बिघडत नाही, अर्थ पालटतो. ‘दर्यादौलत’चा रफार गेला की ‘दयादौलत’ होते. ‘कुलस्वामिनी’चा उकार गेला की ‘कलस्वामिनी’. आणि ‘मत्स्यगंधा’ हे होडीला शोभणारं, पुराणातलं नाव घ्या. त्याचा अनुस्वार एका हंगामात उडाला की जे उरतं ते मोठ्याने वाचून पाहावं. पेंटरने असं एक नाव स्वतः दुरुस्त केलं होतं. ती होडी बंदरात अख्खं वर्षभर गाढवाच्या नावाने ओळखली जात होती आणि ठिपका परत दिल्यावरही तिचं ते नाव गेलं नाही.

हे ऐकताना मला आपल्या लिपीतलीच एक गोष्ट आठवली. जुन्या मराठीत होडी ती ‘नाव’ आणि आपण ठेवतो ते ‘नांव’, असा डोक्यावरच्या टिंबाचा फरक होता. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि दोन्ही शब्द कागदावर एक झाले. कागदावर ते चाललं, कारण वाक्य सांभाळून घेतं. होडीच्या अंगावर वाक्य नसतं. तिथे एकच शब्द, तोही भिजलेला, आणि वाचणारा दुसऱ्या हलत्या होडीत.

वाट काढली ती आजीने. ती म्हणाली, “अरे, दर्यादौलत कोण म्हणायचं तिला? सगळे दौलतच म्हणायचे. दौलत आली, दौलतीला घोळ लागली.” कागदावर जे नाव होतं ते बंदराने केव्हाच छाटून टाकलं होतं. पेंटरने पुन्हा काडी उचलली. ‘एकवीरा’ ३४, फट ५, ‘दौलत’ २४. एकूण ६३. रफार नाही, अनुस्वार नाही आणि त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, खाली उकार नाही. खालचा मजला रिकामा झाल्यामुळे त्याचे ३ इंच मोकळे झाले. मग अक्षर ८ ऐवजी ९ इंचांचं करता आलं. रुंदी झाली साधारण ७१, म्हणजे ७८मध्ये दोन्हीकडे श्वास घ्यायला जागा ठेवून. उंची वरच्या मजल्यासकट साडेतेरा. हे नाव बंदरात दुसऱ्या कुणाचं नव्हतं, आणि वायरलेसवर अर्धं तुटलं तरी ‘दौलत’ एवढं ऐकू आलं की कोण ते कळणार होतं.

प्रथेच्या बाजूने हे मान्य व्हायला आणखी दोन दिवस लागले. ग्रामदेवतेला कौल लावायचा होता. देवाच्या पाषाणावर पाकळ्या लावतात आणि उजवी पडते की डावी यावरून होकार-नकार घेतात, हे कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या जे आधी ध्यानात आलं नव्हतं ते असं, की कौलाला नाव विचारत नाहीत; ठरवलेलं नाव ठेवू का, एवढंच विचारतात. त्यामुळे प्रश्नात काय घालायचं ते माणसांनीच ठरवायचं असतं. गुरवाने आजीला विचारलं, ‘प्रसन्न’ काढलं याबद्दल वेगळा कौल हवा का? आजीने ‘हो’ म्हटलं. पाकळी दोन्ही वेळा उजवी पडली. पण त्याआधीच घरात एक तोड निघाली होती. पूर्ण नाव, ‘श्री’पासून ‘प्रसन्न’पर्यंत, केबिनच्या आत, चक्राच्या वर देवीच्या तसबिरीखाली लाकडी पाटीवर लिहायचं. तिथे ना दोर घासत, ना पाणी पोचत. देवीसाठी लांब नाव आत, समुद्रासाठी लहान नाव बाहेर. माझ्या वहीतल्या बऱ्याच होड्यांवर अशी दोन नावं आहेत. मी आतापर्यंत त्यांना चूक किंवा विसंगती समजून बाहेरचं तेवढं उतरवून घेत होतो.

राहिली ‘श्री’. आणि तिच्यामुळे एक असा पेच आला जो मी कागदावर कधीच पाहिला नसता. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. होडीच्या डाव्या अंगाकडे तोंड करून उभं राहिलं की नाळ आपल्या डाव्या हाताला येते. म्हणजे तिथे नाव नाळेपासून सुरू होतं आणि मागे जातं. उजव्या अंगाला उलट. नाव मागून सुरू होतं आणि त्याचं शेवटचं अक्षर नाळेला लागतं. ‘श्री’ नावाला जोडली तर एका अंगाला ती सगळ्यात पुढे पाण्यात शिरते आणि दुसऱ्या अंगाला सगळ्यात मागे राहते. चुलत्याला हे पटेना. शेवटी ‘श्री’ नावापासून सोडवली. दोन्ही अंगांना, त्या १८ इंचांच्या पट्ट्यात वरच्या कोपऱ्यात, पाच इंचांची एकटी ‘श्री’. पेंटरने बजावलं की ती तिथे टिकणार नाही. आजी म्हणाली, “दारातली रांगोळी तरी कुठे टिकते? दर साली काढायची.”

चुलत्याची दुसरी हरकत रेघेबद्दल होती. होडीचा कठडा नाळेकडे चढत जातो. नाव कठड्याला समांतर लिहिलं की डाव्या अंगाला ते वाचताना उतरत जातं आणि उजव्या अंगाला चढत जातं. उतरतं नाव बरं नव्हे, ते पाण्याला समांतर, सरळ लिही, असं त्याचं म्हणणं. रोमन अक्षरं सुटी असतात, ती थोडी वरखाली करून वळणात लपवता येतात. आपली अक्षरं रेघेला टांगलेली, त्यामुळे रेघ जिथे जाते तिथे सगळं नाव जातं. पेंटरने समजावलं ते असं. किनाऱ्यावर होडी ओंडक्यांवर तिरकी बसलेली असते. इथे पाणसळ लावून काढलेली सरळ रेघ पाण्यात सरळ राहत नाही. शिवाय डिझेल, बर्फ आणि जाळी मागे भरली की मागचा भाग बसतो आणि नाळ आणखी उचलते. म्हणजे पाण्याला समांतर अशी रेघ होडीवर असतच नाही, ती दर फेरीला बदलते. कठडा तेवढा होडीबरोबर राहतो. म्हणून मोजायचं ते कठड्यापासून. जुन्या लाकडी होडीला हे सोपं होतं, फळीचा सांधाच कठड्याच्या वळणाने जायचा आणि पेंटर अक्षरं त्यालाच टांगायचा. फायबरला सांधा नाही, म्हणून त्याने कठड्यापासून ५ इंचांवर ठिकठिकाणी खुणा केल्या आणि खडू लावलेली दोरी वळणाबरोबर धरून रेघ उमटवली. आणि उतरत्या नावाचं चुलत्याला उत्तर दिलं, “काका, तुम्ही उभे राहून वाचता म्हणून ते उतरतं. होडी नाळेकडे चालते. तिच्या बाजूने दोन्हीकडे चढतंच आहे.”

रंगाचं काम एका दिवसात होईल असं मला वाटलं होतं. त्यातला जास्त वेळ घासण्यात गेला. फायबरची होडी साच्यातून निघते आणि साच्याला लावलेल्या मेणाचा अंश तिच्या अंगावर राहतो. तो थिनरने पुसून, वर पॉलिश पेपरने खरखरीत केल्याशिवाय रंग लावला तर पहिल्याच हंगामात नावाचा अख्खा पापुद्रा सुटतो. लाकडावर रंग झिजतो, फायबरवर तो सुटतो. ओळखायची खूण सोपी आहे. पुसलेल्या जागी पाणी शिंपडायचं. थेंब गोळा होऊन घरंगळला तर मेण अजून आहे. पाणी पसरलं तर रंग धरेल. त्यानंतर प्राइमर, खालच्या रंगाचे दोन हात, मग पिवळी अक्षरं आणि शेवटी काळी किनार. किनार शोभेची नसते. दंड आणि काना यांच्यातली फट लांबून दिसते ती तिच्यामुळे.

नोंदणीच्या कागदांत नाव रोमन लिपीत जातं, तिथेही एकदा अडलं. ‘वी’ला एक आय की दोन ई? नाखव्याने आधीच्या एका कागदावर एक लिहिलं होतं आणि विम्याच्या कागदावर दुसरं. दोन्हीचा उच्चार एकच, पण तपासणाऱ्याला त्या दोन वेगळ्या होड्या. शेवटी एका आयवर सगळे कागद जुळवले. देवनागरीत ज्या नावाला चूक व्हायला जागा ठेवली नव्हती, त्याला ती तिकडे सापडली होती.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली. नाळेवर नारळ फुटला, आजीने होडीची ओटी भरली, हळदीकुंकू ‘श्री’वर ओघळलं. मी वाळूवर मागे मागे चालत गेलो. दीडशे पावलांवर ‘एकवीरा दौलत’ स्वच्छ वाचता येत होतं. भरतीवर होडी तरंगली, नाळ थोडी उचलली आणि नावाची रेघ कठड्याबरोबर उचलली गेली.

यंदा मे महिन्याच्या शेवटी मी पुन्हा गेलो. होडी वर चढवलेली होती. दोन्ही ‘श्री’ पुसल्या गेल्या होत्या. उजव्या अंगाला ‘दौ’च्या मात्रांपैकी वरची घासून फिकी झाली होती, ती पुरती गेली असती तर ‘दोलत’ झालं असतं. पेंटरने ती मला बोटाने दाखवली आणि म्हणाला, पुढच्या वेळी मात्रा आखूड काढतो. वहीत मी या होडीपुढे आता दोन्ही नावं लिहिली आहेत, आतलं आणि बाहेरचं, आणि तिसऱ्या रकान्यात हाक मारायचं. तिथे एकच शब्द आहे, दौलत.